एका ट्यूबची गोष्ट: फ्लो सायटोमीटर पेशी मोजतो कसा आणि सॉर्टर त्या वेगळ्या काढतो कशा

प्रश्न: मी नुकतीच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागले आहे. फ्लो सायटोमीटरवर सीडी४ काउंट, म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णांच्या रक्तातल्या सीडी४ पेशींची मोजणी, करायला शिकवतायत. पुस्तकात ‘एफएससी म्हणजे आकार, एसएससी म्हणजे दाणेदारपणा’ एवढंच आहे. पण यंत्र पेशी नेमकी मोजतं कसं? टक्केवारीवरून मायक्रोलिटरमागचा आकडा कसा निघतो? आणि सॉर्टर त्याच पेशी वेगळ्या कशा काढतो?

उत्तर:

तुमच्या हातातल्या ट्यूबपासूनच सुरुवात करते. सीडी४साठी आपण रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएमधलं ५० मायक्रोलिटर रक्त घेतो. तेवढ्या रक्तात साधारण २५ कोटी तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी असतात साडेतीन लाखांच्या आसपास. रुग्णाचा सीडी४ मायक्रोलिटरमागे चारशे असेल, तर आपल्याला हव्या असलेल्या पेशी फक्त वीस हजार. म्हणजे साडेबारा हजार पेशींमागे एक आपली. ती हुडकायची, ओळखायची आणि मोजायची, तेही दोन मिनिटांत. एवढं सगळं करताना यंत्राला पेशी एकदाही दिसत नाही. आपल्या रोजच्या वापरातल्या फ्लो सायटोमीटरमध्ये कॅमेरा नसतोच. त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या प्रकाशाच्या क्षणिक चमका. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक चमक, जिला आपण ‘इव्हेंट’ म्हणतो. इव्हेंट म्हणजे पेशी असेलच असं नाही. तो कचरा असू शकतो, एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी असू शकतात, बुडबुडाही असू शकतो. माझ्या मते हे काम शिकणं म्हणजे कुठल्या चमकेवर विश्वास ठेवायचा हे शिकणं, आणि पुढे जे सांगते आहे ते सगळं त्याभोवतीच फिरतं.

आधी पेशी एकेरी रांगेत यायला हव्यात. नमुना मधल्या बारीक नळीतून येतो आणि त्याच्या चौफेर सीथ फ्लुइड, म्हणजे गाळलेलं सलाइन, बऱ्याच जास्त वेगाने वाहत असतं. वाट निमुळती होत जाते तसा सीथ मधल्या नमुन्याला चहूबाजूंनी दाबत नेतो, आणि त्याचा काही मायक्रॉन रुंदीचा धागा होतो. दोन्ही प्रवाह संथ, समांतर थरांत वाहत असल्यामुळे एकमेकांत मिसळत नाहीत. पंढरपूरच्या दर्शनबारीत कठड्यांमुळे कितीही गर्दी असली तरी माणूस एकामागे एकच पुढे सरकतो, तसं. इथे कठडा पाण्याचा आहे एवढंच. आणि हा कठडा सैल करणं तुमच्या हातात असतं. ‘लो, मीडियम, हाय’ हे बटण सीथचा वेग बदलत नाही, ते नमुन्यामागचा दाब वाढवतं. दाब वाढला की मधला धागा जाड होतो, पेशी शेजारीशेजारी येऊ लागतात, आणि लेझरच्या बरोबर मध्यातून न जाता कडेनेही जाऊ लागतात. सीडी४सारख्या कामात, जिथे रंगलेली आणि न रंगलेली पेशी यांत भरपूर अंतर असतं, तिथे ‘हाय’ चालून जातं. पेशीतला डीएनए मोजताना मात्र थोड्या टक्क्यांचा फरकही महत्त्वाचा असतो. तिथे ‘हाय’वर चालवलेला नमुना मी परत करायला लावते.

रांगेतली पेशी लेझरसमोरून जायला काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात तिच्यावर निळा, ४८८ नॅनोमीटरचा किरण पडतो. काही प्रकाश किरणाच्या दिशेनेच, किंचित वाकून पुढे जातो. तो पकडणारा डिटेक्टर म्हणजे फॉरवर्ड स्कॅटर, तुमचा एफएससी. जो प्रकाश पेशीतल्या दाण्यांवर, घड्या पडलेल्या केंद्रकावर आपटून काटकोनात बाहेर फेकला जातो, तो साइड स्कॅटर, एसएससी. ग्रॅन्युलोसाइट दाण्यांनी भरलेल्या, म्हणून एसएससीवर सगळ्यात वर. लिम्फोसाइट लहान आणि आतून साफ, म्हणून खाली डावीकडे. मोनोसाइट मधे. निव्वळ या दोन आकड्यांवर रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे तीन ढग वेगळे दिसतात.

पण ‘एफएससी म्हणजे आकार’ हे वाक्य पुस्तकातून खोडून टाका, किंवा निदान त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. पेशी मोठी तर एफएससी जास्त, हे ढोबळमानाने खरं. पण पेशीचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यातून जाताना प्रकाश किती वाकतो, यावरही तो तेवढाच अवलंबून असतो. मरायला लागलेल्या पेशीचं आवरण फाटतं, आतलं द्रव्य बाहेर झिरपतं आणि तिचा एफएससी खाली येतो, जरी सूक्ष्मदर्शकाखाली ती तेवढीच दिसत असली तरी. प्लास्टिकचा मणी आणि त्याच मापाची पेशी ठेवली तर एफएससी एकसारखा येत नाही. त्यामुळे ‘या पेशी इतक्या मायक्रॉनच्या’ असं एफएससीवरून रिपोर्टमध्ये लिहायचं नसतं. एकाच ट्यूबमध्ये ‘ही त्याहून मोठी’ इतकंच म्हणता येतं.

आता खरी ओळख पटवणारा भाग. लिम्फोसाइटमध्ये टी पेशी कोण, बी कोण, टीमध्ये सीडी४ कोण आणि सीडी८ कोण, हे एफएससी-एसएससीला कळत नाही. सगळ्या एकाच ढगात. म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी घेतो आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं द्रव्य जोडलेलं असतं. आपल्या चार रंगांच्या मिश्रणात सगळ्या टी पेशींवर असणाऱ्या सीडी३ला एफआयटीसी, सीडी८ला पीई, सीडी४५ला पर्सीपी आणि सीडी४ला एपीसी असतं. पहिली तीन द्रव्यं निळ्या लेझरने उजळतात पण निरनिराळ्या रंगात: एफआयटीसी हिरवट, पीई नारिंगी-पिवळं, पर्सीपी गडद लाल. एपीसीसाठी दुसरा, लाल लेझर. बाहेर पडणारा प्रकाश आरसे आणि फिल्टर वाटून घेतात. हिरव्या वाटेवर ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, पीईच्या वाटेवर ५८५च्या आसपासचा. प्रत्येक वाटेच्या शेवटी फोटोमल्टिप्लायर बसलेला असतो. तो त्या क्षणिक प्रकाशाचं विजेच्या स्पंदनात रूपांतर करतो. स्पंदनाची उंची, रुंदी आणि क्षेत्रफळ मोजून संगणक ते आकडे त्या इव्हेंटच्या नावावर टाकतो. दोन चिकटलेल्या पेशी इथेच पकडता येतात. त्यांना लेझर ओलांडायला जास्त वेळ लागतो, म्हणून उंचीच्या मानाने रुंदी आणि क्षेत्रफळ मोठं निघतं.

रंगांच्या वाटा मात्र काटेकोर नसतात, आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच अडकतो. एफआयटीसी हिरवट असलं तरी त्याची शेपटी लांब असते. ती नारिंगी वाटेत शिरते, आणि पीईचा डिटेक्टर बिचारा तो प्रकाश पीईचाच समजतो. यावरचा उपाय म्हणजे कॉम्पेन्सेशन. त्याचं गणित शाळेतलं आहे. फक्त एफआयटीसी लावलेल्या पेशी घ्या. समजा पार्श्वभूमी वजा करून त्यांचा हिरव्या वाटेतला आकडा १०,००० आला आणि पीईच्या वाटेत १,५०० आला. या पेशींवर पीई नाहीच, म्हणजे हे १,५०० सगळे सांडलेले, हिरव्याच्या १५ टक्के. आता खऱ्या नमुन्यात एका पेशीचा हिरवा आकडा ८,००० आणि पीईचा १,७०० दिसला. ८,०००चे १५ टक्के १,२००. वजा केल्यावर खरा पीई उरतो ५००. म्हणजे जी पेशी सीडी८ची वाटत होती, ती बहुधा नाही. उलट दिशेने पीईही हिरव्यात थोडं सांडतं. यंत्र सगळ्या जोड्यांचा हिशेब एकदम करतं, पण तत्त्व एवढंच.

कॉम्पेन्सेशन चुकलंय हे ओळखायचं कसं? सीडी३ आणि सीडी८ची आकृती उघडा. सीडी३ असलेल्या पण सीडी८ नसलेल्या पेशींचा ढग सरळ आडवा हवा. वजाबाकी कमी पडली असेल तर ढग उजवीकडे जाताना तिरका वर चढतो, जणू जास्त सीडी३ असलेल्या पेशींवर सीडी८ही जास्त आहे. वजाबाकी जास्त झाली तर तो खाली, अक्षाच्या तळाशी दबून बसतो. डोळ्याने ढग गोल वाटेपर्यंत आकडे फिरवायचे नाहीत. सीडी८ नसलेल्या पेशींमध्ये सीडी३ असलेला आणि नसलेला, या दोन्ही गटांचा मध्यक पीईच्या अक्षावर सारखा आहे का ते बघायचं. आणि कॉम्पेन्सेशन केल्यावर डिटेक्टरचा व्होल्टेज हलवला, तर सगळं परत. हे पहिल्या वर्षी मला कुणी ओरडून सांगितलं नव्हतं. एक संपूर्ण दुपार त्यात गेली.

आता ट्यूब बनवताना काय होतं ते बघू, कारण आकड्याची चूक बहुतेक वेळा यंत्रात नसते, बाकावर असते. मण्यांची ट्यूब घ्यायची. तिच्या तळाशी जाळीखाली चमकणाऱ्या मण्यांची छोटी गोळी असते आणि त्यात किती मणी आहेत ते पाकिटावर त्या लॉटपुरतं छापलेलं असतं. जाळीला स्पर्श न करता २० मायक्रोलिटर अँटीबॉडी टाकायची. मग ५० मायक्रोलिटर रक्त, आणि तेही उलट्या पिपेटिंगने: बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून जास्त रक्त ओढायचं आणि पहिल्या टप्प्यापर्यंतच सोडायचं, म्हणजे टोकात उरलेलं रक्त हिशेबात धरलं जात नाही. हलक्या हाताने व्हॉर्टेक्स, १५ मिनिटं अंधारात. मग पातळ केलेलं ४५० मायक्रोलिटर लायझिंग द्रावण, परत १५ मिनिटं. तांबड्या पेशी फुटतात. धुवायचं नाही. धुतलं की पेशी आणि मणी वेगवेगळ्या प्रमाणात वाहून जातात आणि मोजणीचा पायाच कोसळतो.

धुतलेलं नसल्यामुळे फुटलेल्या तांबड्या पेशींचा कचरा ट्यूबमध्येच असतो, कोट्यवधी तुकडे. म्हणून इथे यंत्राचा उंबरा एफएससीवर न ठेवता सीडी४५वर ठेवतात. ज्या चमकेत सीडी४५चा प्रकाश पुरेसा नाही ती नोंदवायचीच नाही. सगळ्या पांढऱ्या पेशींवर सीडी४५ असतं, तांबड्यांवर नसतं, आणि मणी सगळ्याच रंगांत झगझगीत असल्यामुळे तेही उंबरा ओलांडतात. उंबरा चुकून फार वर ठेवला तर कमी सीडी४५च्या पेशी गायब होतात, आणि तुम्हाला कळतही नाही, कारण न नोंदवलेली पेशी कुठल्याच आकृतीत नसते.

मग गेट, म्हणजे आकृतीतला हवा तो ढग वेगळा धरायला आखलेली चौकट. पहिली आकृती सीडी४५ विरुद्ध एसएससी: भरपूर सीडी४५ आणि कमी एसएससी असलेला ढग म्हणजे लिम्फोसाइट. दुसरी, त्यातल्या सीडी३ असलेल्या पेशी. तिसऱ्या आकृतीत त्यातल्या सीडी४ आणि सीडी८. मधली सीडी३ची पायरी का लागते, हे प्रत्येक नवीन माणूस विचारतो. सीडी४ लिम्फोसाइटची मक्तेदारी नाही म्हणून. मोनोसाइटवरही सीडी४ असतं, कमी प्रमाणात. सीडी३ची चाळणी लावली नाही आणि लिम्फोसाइटचं गेट थोडं सैल पडलं, तर मोनोसाइट सीडी४ म्हणून मोजल्या जातात. ज्या रुग्णाचा खरा सीडी४ साठ आहे त्याच्या बाबतीत ही भर आकडा सहज दुप्पट करू शकते. नेमकं जिथे चुकायचं नाही तिथेच.

आता मोजणी. यंत्राने ट्यूबमधलं किती मायक्रोलिटर ओढलं हे बऱ्याच यंत्रांना माहीत नसतं. सिरिंज पंपवाली काही यंत्रं ते मोजतात, पण आपलं काम मण्यांवर चालतं. तर्क असा: ट्यूबमध्ये मणी किती टाकलेत ते माहीत आहे. त्यातले किती यंत्रातून गेले ते मोजलं. ट्यूब नीट ढवळलेली असेल तर ज्या प्रमाणात मणी गेले त्याच प्रमाणात पेशीही गेल्या. म्हणून

(मोजलेल्या सीडी४ पेशी ÷ मोजलेले मणी) × (ट्यूबमधले एकूण मणी ÷ रक्ताचे मायक्रोलिटर)

समजा लॉटवर ४९,५०० मणी लिहिलेत. ५,००० मणी मोजून होईपर्यंत २,१०० सीडी४ टी पेशी मोजल्या गेल्या. २,१०० भागिले ५,००० म्हणजे ०.४२. ४९,५०० भागिले ५० म्हणजे ९९०. गुणाकार ४१५.८. रिपोर्टवर प्रति मायक्रोलिटर ४१६.

या सूत्रात काय नाही ते बघा. लायझिंग द्रावणाचं प्रमाण त्यात कुठेच नाही. ४५०ऐवजी ४७० पडलं तरी मणी आणि पेशी दोन्ही सारखेच पातळ होतात, उत्तर तेच राहतं. रक्ताचे ५० मायक्रोलिटर मात्र थेट भाजकात आहेत. पिपेटने ५० म्हणून ४५ दिलं, तर पेशी दहा टक्के कमी आल्या आणि भाजक तुम्ही ५०च धरलात, म्हणजे ४१६चा ३७४ झाला. यंत्र अगदी ठणठणीत असताना. म्हणून माझ्याकडे सीडी४चा आकडा डळमळायला लागला की मी पहिल्यांदा लेझर बघत नाही, पिपेटचं कॅलिब्रेशन बघते. मणी तळाशी बसतात, हेही विसरायचं नाही. ट्यूब अर्धा तास स्टँडवर ठेवून न ढवळता लावलीत तर किती मणी आत जातील याचा भरवसा नाही, आणि मणी कमी मोजले गेले की काउंट खोटा चढतो.

एकदा आमच्याकडे एका रुग्णाचा आकडा आधीच्या महिन्याच्या जवळपास निम्म्याने कमी आला. माणूस ठीक होता, औषधं नियमित होती. आकृत्या काढून बघितल्या तर सीडी४५ आहे पण सीडी३, सीडी४, सीडी८, काहीच नाही अशा लिम्फोसाइटचा एक जादा ढग. ते रक्त पिपेटच्या टोकाबाहेरून ट्यूबच्या भिंतीला लागलं होतं. तिथल्या पेशींपर्यंत अँटीबॉडी पोचलीच नाही, लायझिंग द्रावण टाकल्यावर त्या खाली धुऊन आल्या आणि द्रावणात उरलेली पातळ अँटीबॉडी त्यांना जेमतेम, तीही सीडी४५ची, लागली. परत केलं, आकडा जागेवर. तेव्हापासून ट्यूबची भिंत रक्ताने रंगलेली दिसली की ती ट्यूब फेकून नवीन करायची, पुसत बसायचं नाही.

यंत्र स्वतःही एक ताळा देतं. सीडी३ची टक्केवारी ही सीडी४ आणि सीडी८ यांच्या बेरजेच्या जवळ यायला हवी. सीडी३ ७२ आणि ती बेरीज ७० असेल तर ठीक, ५८ असेल तर कुठलीतरी अँटीबॉडी नीट लागलेली नाही किंवा गेट घसरलंय. काही रुग्णांमध्ये दोन्ही नसलेल्या टी पेशी खरंच जास्त असतात, तेव्हा लगेच रद्द करू नका, पण आकृती उघडल्याशिवाय सहीही करू नका.

आणि मोजल्या किती यालाही महत्त्व आहे. २,१०० पेशी मोजल्यात तर निव्वळ योगायोगाचा हेलकावा त्याच्या वर्गमुळाएवढा, ४६, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. पन्नासच मोजल्यात तर वर्गमूळ सात, चौदा टक्के. कमी सीडी४च्या रुग्णाची ट्यूब म्हणून जास्त वेळ चालवायची.

मण्यांशिवायची जुनी पद्धत तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच: सेल काउंटरवरून एकूण पांढऱ्या पेशी घ्या, लिम्फोसाइटच्या टक्क्याने गुणा, मग सीडी४च्या टक्क्याने. ७,००० चे २८ टक्के १,९६०, त्याचे २१ टक्के ४१२. उत्तर जवळच आहे, पण तीन आकडे, दोन यंत्रं, आणि प्रत्येकाची चूक गुणाकारात शिरते. आपल्याकडे २००४मध्ये सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाली तेव्हा सीडी४ २०० ही औषध सुरू करण्याची मोठी रेषा होती. १९० आणि २१० यांतला फरक म्हणजे औषध आज की नंतर. २०१७पासून काउंट काहीही असो, निदान झालं की उपचार असं धोरण आलं, म्हणून ती रेषा तशी राहिली नाही. पण २००च्या खाली म्हणजे आजार पुढे गेलेला, संधिसाधू संसर्ग शोधायचे, हे आजही तसंच आहे.

आता सॉर्टर. आधी एक इशारा: ही जी ट्यूब आपण बनवली ती सॉर्टरवर लावायची नाही. लायझिंग द्रावणात फॉर्मल्डिहाइड असतं. या पेशी मेलेल्या आहेत, मोजायला चालतात, वाढवायला नाही. आणि एचआयव्हीचं जिवंत रक्त उघड्या धारेच्या सॉर्टरवर लावणं तर त्याच्यासाठी बांधलेल्या बंदिस्त व्यवस्थेशिवाय सपशेल नाही, कारण थेंब उडतात त्यांचं धुकं होतं. म्हणून उदाहरण बदलू: निरोगी दात्याचं १० मिलिलिटर रक्त, घनतेच्या द्रावणावर फिरवून काढलेल्या लिम्फोसाइट-मोनोसाइट, साधारण एक कोटी. त्यातल्या सीडी४ टी पेशी, समजा ३० टक्के, जिवंत हव्यात.

लेझरपर्यंतचा प्रवास तोच. फरक पुढे आहे. नळ अगदी बारीक सोडलात की धार थोडं खाली जाऊन आपोआप थेंबांत तुटते, ते तुम्ही पाहिलं असेल. सॉर्टरमध्ये नोझलला विजेवर थरथरणारा स्फटिक जोडलेला असतो आणि तो ही तुटण्याची लय बांधून देतो. १०० मायक्रॉनच्या नोझलला सेकंदाला सुमारे ३० हजार थेंब, ७० मायक्रॉनच्या, जास्त दाबाच्या नोझलला ९० हजारांच्या आसपास. नोझल निवडताना पेशीच्या व्यासाच्या निदान चार-पाच पट भोक घ्यायचं. लिम्फोसाइटला ७० पुरतं, पण पुढे पेशी वाढवायच्या असतील तर मी १००च घेते, कमी दाबात त्या कमी दुखावतात.

लेझरसमोर पेशी ओळखली गेली तेव्हा ती अजून अखंड धारेत असते. तुटण्याच्या जागेपर्यंत जायला तिला थोडा वेळ लागतो आणि तो वेळ थेंबांत मोजतात. समजा ४० थेंबांचा. यंत्र तेवढा वेळ वाट बघतं, आणि ज्या क्षणी ती पेशी असलेला थेंब धारेपासून सुटणार असतो, नेमका त्या क्षणी सगळ्या धारेला विद्युतभार देतं. थेंब सुटतो तो भार घेऊन. धारेचा भार लगेच काढून घेतला जातो, पण सुटलेला थेंब आता एकटा आहे, त्याचा भार जाणार कुठे? खाली हजारो व्होल्टच्या दोन पट्ट्या असतात. भारित थेंब त्यांच्याकडे वळून बाजूच्या ट्यूबमध्ये पडतो, बिनभाराचे सरळ खाली, कचऱ्यात. पेशीला कुणी हात लावत नाही, ती जिच्यात बसलीय त्या थेंबाला ढकललं जातं.

ही कल्पना १९६५मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला मॅक फुलवायलर यांनी प्रत्यक्षात आणली. तेव्हा फ्लुरोसेन्सचा संबंधच नव्हता, पेशी घनफळावर वेगळ्या होत होत्या. तांबड्या पेशींच्या घनफळाचे आलेखावर दोन उंचवटे दिसत, आणि खरंच दोन मापांच्या पेशी आहेत की मोजणीचा भास, हे ठरवायचं होतं. दोन्ही उंचवट्यांतल्या पेशी वेगळ्या काढून परत मोजल्या तेव्हा भास ठरला: चपट्या पेशी कशा कलून जातात यावर माप बदलत होतं. एफएससीवर प्रश्नचिन्ह काढा असं मी म्हणाले, त्याच जातीचा हा जुना धडा. रंगीत अँटीबॉडीवर सॉर्टिंग नंतर स्टॅनफर्डला लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने उभं केलं.

त्या ४० थेंबांवर सगळं उभं आहे. नोझलला सूक्ष्म गठ्ठा अडकला, सीथमध्ये बुडबुडा आला, खोलीचं तापमान बदललं, की धार तुटायची जागा वरखाली होते. ४०ऐवजी ४१ झाले तर शेजारच्या थेंबाला भार मिळतो, आणि त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. गंमत अशी की स्क्रीनवर यंत्र ‘इतक्या पेशी सॉर्ट केल्या’ हे आनंदाने मोजत राहतं, कारण ते आपले निर्णय मोजत असतं, ट्यूबमधल्या पेशी नव्हे. म्हणून सुरुवातीला चमकणारे मणी सॉर्ट करून, वळलेल्या धारेत ते किती टक्के उतरले हे बघत विलंब ठरवतात, आणि नंतर तुटण्याच्या जागेचं चित्र डोळ्यासमोर ठेवतात. नमुना ३५-४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून, थोडं ईडीटीए घालून, थंड ठेवला की गठ्ठ्यांचा त्रास निम्मा कमी.

दुसरा प्रश्न घाईचा. एका थेंबात दोन पेशी आल्या, एक हवी, एक नको, तर शुद्धता मागितलेली असेल तेव्हा यंत्र तो थेंब सोडून देतं. ३० हजार थेंबांना सेकंदाला ३,००० पेशी पाठवल्यात तर थेंबामागे सरासरी ०.१, आणि हव्या पेशीच्या थेंबात दुसरं कुणी नसण्याची शक्यता सुमारे ९० टक्के. तुम्ही घाईने १०,००० पाठवल्यात तर सरासरी ०.३३, आणि ती शक्यता ७२वर येते. यंत्र सीमेजवळच्या पेशींसाठी शेजारचा थेंबही तपासतं, म्हणून प्रत्यक्षात हाती त्याहून कमी लागतं. म्हणजे वेग तिप्पट करून वेळ वाचतो, पण पेशी कचऱ्यात जातात. आपल्या एक कोटी पेशींना ३,०००च्या वेगाने ३,३३३ सेकंद, जवळपास ५६ मिनिटं लागतील. दुर्मीळ पेशी असतील तर मी तास घालवते, पेशी नाही.

त्या एक कोटीतून ३० लाख सीडी४ असताना हाती बावीस-पंचवीस लाख लागले तर चांगलं चाललंय असं समजा. १०० मायक्रॉनच्या नोझलचा एक थेंब साधारण ३ नॅनोलिटरचा. २३ लाख थेंब म्हणजे ७ मिलिलिटर. मी पहिल्यांदा ५ मिलिलिटरची ट्यूब लावून चहाला गेले होते, आणि परत आले तेव्हा सगळ्यात स्वच्छ सीडी४ पेशी सॉर्टरच्या तळाच्या ट्रेमध्ये होत्या. १५ मिलिलिटरची ट्यूब घ्या, आधी तळाशी थोडं सिरम असलेलं माध्यम ठेवा आणि भिंतही त्यानेच ओली करा, नाहीतर थेंब कोरड्या प्लास्टिकवर आपटून वाळतात.

शेवटी त्या ट्यूबमधलं थोडंसं परत त्याच गेटमधून चालवून बघा. परत रंगवायची गरज नाही, अँटीबॉडी पेशींवर आहेच. चमक थोडी मंदावलेली दिसेल, कारण लेझरने एकदा रंग वापरला आहे. त्यामुळे गेटच्या कडेला असलेल्या काही खऱ्या पेशी बाहेर पडलेल्या दिसल्या तर घाबरू नका. पण सीडी८चा स्पष्ट वेगळा ढग दिसला तर तो रंगाचा दोष नव्हे, सॉर्टचा आहे. त्याबरोबरच दहा मायक्रोलिटर काढून ट्रायपॅन ब्लूमध्ये हेमोसायटोमीटरवर हाताने मोजा. स्क्रीनवरचा आकडा २३ लाख आणि हाताने १८ लाख, हे रोजचं आहे. २३ लाख आणि हाताने ३ लाख आले, तर दुसरी ट्यूब लावण्याआधी थेंबांचा विलंब परत बांधा.